नऊ केस स्टडीज, आणि दूध संकलन केंद्र कुठेच नाही

*ताई, मी पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत यूएक्स डिझायनर आहे, चार वर्षं झाली. स्विच करायचाय म्हणून सहा महिने झटतोय. बिहान्सवर माझ्या नऊ केस स्टडीज आहेत, त्यातल्या सहा प्रसिद्ध अ‍ॅप्सचे रीडिझाइन आणि तीन कोर्समधल्या. लिंक लिंक्डइनला दिलीय. प्रोफाइलला व्ह्यूज दिसतात पण कॉल येत नाही, आला तर पहिल्या राउंडनंतर शांतता. कंपनीतलं खरं काम म्हणजे एका दूध संघाच्या संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर, पण एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार आहे म्हणून ते कुठेच टाकलं नाही. आणि खरं सांगू का, ते दिसायलाही काही खास नाही, राखाडी स्क्रीन आणि मोठे मोठे आकडे. संघाचं नाव काढून त्या कामाच्या नोट्स सोबत पाठवतोय. आता दहावी केस स्टडी करू, का स्वतःची वेबसाइट घेऊ?*
*— अडकलेला, पुणे*

अरे, तुझं प्रोफाइल मी मुद्दाम लॅपटॉपवर उघडलं नाही. रिक्षात होते, फोनवर उघडलं, कारण तुझं प्रोफाइल बघणारे लोकही असंच बघतात, दोन मीटिंगच्या मधे, चहा पिता पिता, आणि समोर तुझ्यासारखी अजून तीसचाळीस नावं असतात. तर काय झालं ते सांगते. आधी तुझा एक्स्पिरियन्स वाचला. तिथे पाच बुलेट्स आहेत: एंड-टू-एंड यूएक्सची जबाबदारी, वायरफ्रेम आणि प्रोटोटाइप बनवले, स्टेकहोल्डर्सबरोबर काम केलं, युजर रिसर्च केला, एरर ७० टक्क्यांनी कमी केले. कसले एरर, कुणाचे, काही कळेना. लिंक शोधली तर ती कॉन्टॅक्ट इन्फोच्या आत दडलेली. ती दाबल्यावर बिहान्सचं मुख्य पान उघडलं, नऊ चौकोन, पहिला चौकोन जेवण मागवायच्या अ‍ॅपचा. त्यातल्या प्रोटोटाइपच्या बटणावर टॅप केलं तर फिग्मा म्हणालं की अ‍ॅक्सेस मागा. मी मागितला नाही, आणि कोणीच मागणार नाही.

मग तुझ्या नोट्स वाचल्या, त्या दूध संघाच्या, आणि रिक्षावाल्याला सुट्टे द्यायचे विसरून वाचत बसले. या सगळ्या पसाऱ्यात एकच गोष्ट अशी होती की जी वाचून मला वाटलं या मुलाला फोन करावा, आणि ती गोष्ट तू लपवून ठेवलीयेस!

म्हणून दहावी का वेबसाइट हा प्रश्न मी बाजूला ठेवते. दोन्ही नको. तू धरून चाललायस की लोक केस स्टडी बघतात आणि मग ठरवतात, म्हणून केस स्टडी जास्त आणि देखणी हवी. होतं उलटं. लोक आधी एक्स्पिरियन्समधली नोंद वाचतात, तिथे काहीतरी खटकलं किंवा आवडलं तर त्याच नोकरीच्या खाली लिंक शोधतात, आणि ती उघडल्यावर जे आत्ता वाचलं तेच पुढे चालू झालं पाहिजे. तुझ्या बाबतीत नोंद एका जगातली आहे आणि केस स्टडीज दुसऱ्याच जगातल्या. चार वर्षं नोकरी केलीस आणि दाखवतोयस काय तर घरी बसून केलेली रीडिझाइन. वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका हीच येते की मग चार वर्षं हा ऑफिसात करत काय होता.

रीडिझाइन वाईट असतं असं नाही हां. फ्रेशर असशील तर दाखवायला दुसरं असतं काय. पण चार वर्षांच्या डिझायनरकडून आम्हाला जे बघायचं असतं ते रीडिझाइनमध्ये येऊच शकत नाही. तिथे बजेट नाही म्हणणारं कोणी नसतं, डेव्हलपर नसतो, जुना डेटाबेस नसतो, आणि तुझं डिझाइन चुकलं हे तुला कळायची काहीच सोय नसते. तुझ्या सहाही रीडिझाइनमध्ये शेवटी सगळं छान झालंय, हेच त्यांचं दुखणं आहे.

आता दूध. बाकीच्या वाचकांसाठी तुझ्या नोट्समधून थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. गावातलं संकलन केंद्र, सकाळची पाळी, रांग लागलेली. शेतकरी आपला सभासद नंबर ओरडून सांगतो, ऑपरेटर तो टाइप करतो, दूध काट्यावर जातं, सॅम्पल मशीनला लागतं, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ, आपोआप स्क्रीनवर येतात, दर लागतो, पावती निघते, पुढचा. ऑपरेटरच्या डाव्या हातात सॅम्पलची बाटली आणि उजवा हात नमपॅडवर, आणि डोळे? डोळे किटल्यांवर. स्क्रीनकडे तो बघतच नाही. त्यामुळे ११७ च्या जागी १७१ टाइप झालं की एकाचं दूध दुसऱ्याच्या खात्यावर चढतं, आणि हे कळतं दहा दिवसांनी, बिल हातात पडल्यावर, मग केंद्रावर भांडण.

तुम्ही काय केलंत तर आधी पॉपअप दिला, सभासदाचं नाव दाखवून ‘बरोबर आहे का?’ विचारणारा. आणि तुझ्या नोट्समध्ये एक ओळ आहे, मला ती सगळ्या नऊ केस स्टडींपेक्षा जास्त आवडली: ‘दुसऱ्या दिवसापासून ऑपरेटर नंबर टाकून एंटर दोनदा दाबायला लागला.’ म्हणजे पॉपअप वाचला जात नव्हता, तो फक्त एक जास्तीचं बटण झाला होता. मग शेतकऱ्याकडे तोंड केलेला दुसरा मॉनिटर सुचवलात, बजेटमध्ये बसला नाही. शेवटी तुम्ही असं केलंत की सगळ्यांना काही विचारायचं नाही, सभासदाच्या मागच्या दहा दिवसांच्या दुधाशी न जुळणारी नोंदच फक्त थांबवायची आणि बीप द्यायचा. ११७ वाला गाईचं दूध घालतो, फॅट ३.८ च्या आसपास, १७१ वाला म्हशीचं, साडेसहा. १७१ वर ३.८ आलं की सिस्टिम अडते. बाकी रांग सुरळीत चालते.

आता हे तू म्हणतोस दिसायला खास नाही. बाबा रे, राखाडी स्क्रीन आणि मोठे आकडे का आहेत हे तुझ्याच नोट्समध्ये आहे, ऑपरेटर स्क्रीनपासून चार फुटांवर उभा असतो म्हणून. ते एक वाक्य त्या स्क्रीनशेजारी लिहिलंस की ती स्क्रीन देखणी आहे का नाही हा प्रश्नच उरत नाही.

एनडीएकडे येते, कारण तुझी गाडी तिथे अडलीय. एक सरळ प्रश्न: तू तो वाचलायस का? म्हणजे खरंच उघडून? बहुतेक जण ऑफर लेटरमधल्या गोपनीयतेच्या कलमाला एनडीए म्हणतात आणि त्यात काय आहे ते सही केल्या दिवसानंतर बघत नाहीत. दोन गोष्टी वेगळ्या कर. एक म्हणजे मालकी: नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून केलेल्या डिझाइनचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, आपल्याकडे कंपनीचाच असतो, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमात तसंच आहे, म्हणून ‘माझंच तर काम आहे’ हे कारण चालत नाही. दुसरी गोष्ट गोपनीयता: क्लायंटचं नाव, दर ठरवायचं गणित, सभासदांचा डेटा, अजून बाहेर न आलेल्या गोष्टी. साधारण हेच झाकायचं असतं. ‘लोक कन्फर्मेशनचा पॉपअप वाचत नाहीत’ हे तुझं शिकणं आहे, ते कुठल्याही क्लायंटचं गुपित नाही. पण तुझ्या कागदावर नक्की काय लिहिलंय ते मला माहीत नाही आणि तुलाही, म्हणून आधी वाच, आणि मग मॅनेजरला मेल टाक. घाबरू नकोस, पोर्टफोलिओ हा शब्द आला म्हणजे राजीनामा येणार असं कोणी धरत नाही, अप्रेझललाही लागतोच. मेल छोटा असू दे, काहीसा असा:

> संकलन केंद्राच्या कामावर मला माझ्या पोर्टफोलिओसाठी एक पान लिहायचं आहे. क्लायंटचं नाव, लोगो, दरपत्रक आणि खऱ्या सभासदांची माहिती येणार नाही. स्क्रीन्स मी खोट्या नावांनी नव्याने काढेन. पायलटचे दोन आकडे वापरायचे आहेत, ते चालतील का ते सांगा. मजकूर सोबत जोडला आहे, काही काढायचं असेल तर कळवा.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘टाकू का?’ असं हवेत विचारलं तर उत्तर नाही असंच येतं, कारण समोरच्याला नाही म्हणणं सोपं. लिहिलेलं पान दिलं तर तो दोन ओळी खोडून बाकीचं सोडतो. उत्तर मेलवरच घे, जिन्यात भेटून ‘हो हो टाक’ हे नको. आणि पासवर्ड लावून पान ठेवलं की झालं असं बरेच जण समजतात, ते चूक आहे, परवानगी नसलेली गोष्ट पासवर्डमागे ठेवली तरी ती परवानगी नसलेलीच राहते, फक्त कमी लोकांना दिसते, इतकंच. पासवर्ड तेव्हा, जेव्हा कंपनी म्हणते की इंटरव्ह्यूपुरतं दाखव. मग तो पासवर्ड अर्ज करताना रेझ्युमेत लिही, नाहीतर पुन्हा तेच, अ‍ॅक्सेस मागा.

खोट्या डेटाबद्दल एक. नुसतं नाव पुसून काळी पट्टी मारू नकोस. एकतर भयंकर दिसतं, शिवाय फिग्मातल्या फाइलमध्ये पट्टीखाली मजकूर तसाच असतो आणि फाइल शेअर केलीस तर कोणीही ती पट्टी हलवू शकतो. नवीन नावं टाक, नवीन आकडे टाक, आणि ते आकडे पटणारे टाक, गाईच्या दुधाला ९ फॅट लिहिलंस तर कोल्हापूर-सांगलीकडचा एखादा इंटरव्ह्यूअर तिथेच हसेल.

परवानगी येईपर्यंत काय? तोवर एक्स्पिरियन्सची नोंद लिही. खरी मेहनत तिथे आहे आणि ते केस स्टडीच्या आधी करायचं. आपण सगळे आधी साठ स्क्रीन्सची केस स्टडी करतो आणि मग उरलेल्या जिवावर लिंक्डइनला पाच बुलेट्स टाकतो. तू आधी चारपाच वाक्यं लिही. मराठीत लिही, जसं घरी बहिणीला सांगशील तसं, इंग्रजी नंतर कर. हे गंमत म्हणून सांगत नाहीये, इंग्रजीत लिहायला बसलं की ‘लेव्हरेज’ आणि ‘सीमलेस’ आपोआप बोटातून येतात, मराठीत ते येतच नाहीत, म्हणून काय झालं तेवढंच लिहिलं जातं. तुझ्या नोट्सवरून मी केलेली नोंद ही बघ:

> दूध संघाच्या गावोगावच्या संकलन केंद्रांसाठी नोंदणीचं सॉफ्टवेअर. मी एकटा डिझायनर, सोबत दोन डेव्हलपर आणि एक बिझनेस अ‍ॅनालिस्ट, सात महिने. ऑपरेटर सभासद नंबर ऐकून स्क्रीनकडे न बघता टाइप करायचे, त्यामुळे एकाचं दूध दुसऱ्याच्या खात्यावर चढायचं. पहिला उपाय म्हणून दिलेला कन्फर्मेशन पॉपअप केंद्रावर न वाचताच बंद केला जात होता, तो काढला आणि सभासदाच्या नेहमीच्या दुधाशी न जुळणारी नोंदच फक्त थांबवली. दोन केंद्रांवरच्या पायलटमध्ये अशा तक्रारी दहा दिवसांच्या बिलामागे १४ वरून ४ वर आल्या.

यात यूएक्स हा शब्द एकदाही नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की तू तिथे गेला होतास, काय पाहिलंस, कुठे चुकलास, आणि टीम केवढी होती. टीमचं वाक्य गाळू नकोस. पोर्टफोलिओत सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं तर तू काय केलंस ते कळत नाही आणि सगळीकडे ‘मी’ लिहिलं तर इंटरव्ह्यूत दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. न जुळणारी नोंद थांबवायची कल्पना डेव्हलपरची होती असं तुझ्या नोट्समध्ये आहे, मग केस स्टडीत तसंच लिही, आणि तू पुढे काय केलंस ते लिही, म्हणजे किती फरकाला अडवायचं हे केंद्रावर बसून तूच ठरवलंस ना, पहिल्यांदा जास्तच कडक ठेवलं होतंत आणि रांग अडकली होती. ते तुझं काम.

आता शेवटच्या ओळीवर थांबूया, कारण इथे मला तुझा कान पकडायचाय. लिंक्डइनला तू लिहिलंयस ७० टक्के. नोट्ससोबत पोर्टफोलिओसाठीचा मसुदा पाठवलायस त्यात ६० टक्के. वाचणारा दोन्ही वाचतो आणि दोन्हींवरचा विश्वास उडतो. मी बसून हिशोब केला. १४ चे ४ झाले म्हणजे ७१ टक्के, तो तुझा ७० चा आकडा. पण १४ जानेवारीतले आहेत आणि ४ मे महिन्यातले. उन्हाळ्यात दूध आटतं, नोंदीच कमी होतात. तुझ्याच नोट्सप्रमाणे जानेवारीत त्या दोन केंद्रांवर दहा दिवसांत साधारण ११ हजार नोंदी होत्या आणि मे मध्ये साडेआठ हजार. म्हणजे दर हजार नोंदींमागे तक्रारी साधारण १.३ होत्या त्या ०.५ च्या खाली आल्या, घट निघते ६३ टक्के. म्हणजे तुझा ६० जास्त खरा होता आणि तू प्रोफाइलला मोठा दिसणारा आकडा उचललास. मुद्दाम नसेल, पण इंटरव्ह्यूत कोणी ‘मे मध्ये दूध कमी नसतं का?’ विचारलं तर तू काय सांगणार होतास?

माझं म्हणणं, टक्के काढूनच टाक. नोंदीत १४ वरून ४ असं लिही, सोबत ‘दोन केंद्रं’ हे शब्द राहू देत, आणि केस स्टडीत हा उन्हाळ्याचा हिशोब जसाच्या तसा मांड. त्याने आकडा थोडा लहान होतो आणि तू थोडा मोठा दिसतोस. शिवाय तुमच्या उपायाची मर्यादाही तिथेच लिही: दोघेही गाईचं दूध घालणारे आणि दोघांचंही सातआठ लिटरच असेल तर चुकलेला नंबर आजही निसटतो. उरलेल्या ४ तक्रारी बहुतेक अशाच असणार, तपासलंयस का? नसशील तर तपास, आणि तपासता येत नसेल तर तसं लिही.

कंपनी आकडे देऊ नको म्हणाली तर ‘निम्म्याहून कमी झाल्या’ इतकं चालेल का विचार. तेही नाही म्हणाली तर जे डोळ्यांनी पाहिलंस ते लिही, की बीप झाल्यावर ऑपरेटर मान वर करून बघायला लागला. आकडा नसला की लोक घाबरून कुठून तरी आणतात, तसं करू नकोस.

केस स्टडीचं पान. तुझ्या बिहान्सवरच्या प्रत्येक पानावर सुरुवात सारखीच आहे, डबल डायमंडची आकृती, मग पर्सोना, मग एम्पथी मॅप, मग स्टिकी नोट्सचा फोटो. ती आकृती ब्रिटनच्या डिझाइन काउन्सिलने केलेली आहे, चांगली आहे, पण ती तुझ्याबद्दल काही सांगत नाही, ती प्रत्येकाच्याच पानावर असते आणि आम्ही सगळे ती बघतच नाही, अंगठ्याने वर सरकवतो. तुझी ‘३४ वर्षांची प्रिया, तिला कॉफी आणि प्रवास आवडतो’ पण तशीच गेली. त्याऐवजी पान तिथून सुरू कर जिथे नोंद संपली. सगळ्यात वर एक स्क्रीन, जिथे बीप होऊन नोंद थांबलीय, आणि खाली दोन ओळी. मग केंद्राचं वर्णन, तिथला फोटो असेल आणि परवानगी असेल तर फोटो, नाहीतर हाताने काढलेलं चित्र, ऑपरेटर कुठे उभा, काटा कुठे, मशीन कुठे, स्क्रीन कुठे. मी तर म्हणेन चित्रच काढ, चेहऱ्यांचा प्रश्न येत नाही. मग पॉपअपची गोष्ट, पूर्ण, पाय जमिनीवर ठेवून: काय वाटलं होतं, काय झालं, कसं कळलं. मग मॉनिटर का नाही झाला. मग शेवटचा उपाय आणि किती फरकाला अडवायचं ते कसं ठरवलं. मग हिशोब आणि मर्यादा. हजारेक शब्द आणि सातआठ चित्रं, याच्या वर गेलंस तर काप. साठ स्क्रीन्स कोणी बघत नाही, आणि बघितल्या तर लॉगिनची स्क्रीन बघून तुझ्याबद्दल मत बनवतात, म्हणून लॉगिन, स्प्लॅश, सेटिंग्ज सगळं बाहेर.

चित्रातली अक्षरं फोनवर वाचता आली पाहिजेत. तुझ्या पानांवर बाराबारा स्क्रीन्स एका ओळीत तिरक्या लावल्यात, फोनवर त्या तांदळाएवढ्या दिसतात. एकावेळी एक, आणि शेजारी किंवा खाली एक वाक्य की इथे काय बघायचं.

लिंका कुठे ठेवायच्या ते सांगते, ही किरकोळ वाटणारी गोष्ट आहे पण तुझे अर्धे लोक इथेच गळतायत. लिंक्डइनच्या एक्स्पिरियन्सच्या वर्णनात २००० अक्षरं बसतात पण बघणाऱ्याला पहिल्या दोनचार ओळीच दिसतात, पुढचं दाबून उघडावं लागतं, म्हणून समस्या आणि निकाल वर पाहिजे, मी केलेल्या नोंदीतलं टीम आणि महिन्यांचं वाक्य तिथे टाकताना खाली घे. वर्णनाच्या मजकुरात पत्ता चिकटवलास तर तो नुसता मजकूर राहतो, टॅप होत नाही. त्याच नोंदीत खाली मीडिया जोडायची सोय आहे, तिथे लिंक टाक, म्हणजे त्या नोकरीच्या खालीच छोटं चित्र आणि शीर्षक दिसतं. शीर्षक स्वतः लिही, ‘केस स्टडी १’ नको, ‘संकलन केंद्रावर चुकीच्या खात्यावर जाणारं दूध’ असं काहीतरी. तीच लिंक वरच्या फीचर्ड विभागातही ठेव. आणि प्रत्येक लिंक थेट त्या पानाची, मुख्य पानाची नाही, लोकांना नऊ चौकोनांतून शोधायला लावू नकोस. कॉन्टॅक्ट इन्फोमधली मुख्य पानाची लिंक राहू दे, तिचं काय जातंय.

मग सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून उघडून बघ, आईच्या फोनवरून बघ. तुझ्या फोनवर तू सगळीकडे लॉगिन असतोस म्हणून तुला सगळं उघडतं. लिंक्डइनच्या अ‍ॅपमधून लिंक दाबली की ती बऱ्याचदा अ‍ॅपच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथे माणूस फिग्मात किंवा गूगलमध्ये लॉगिन नसतो, म्हणून फिग्माची शेअरिंगची सेटिंग लिंक असलेल्या कोणालाही बघता येईल अशी हवी. आणि मुळात केस स्टडी फिग्माच्या प्रोटोटाइपमध्ये नकोच, फोनवर लोड व्हायला वेळ लागतो. बिहान्स चालेल, साधं नोशनचं पान पण चालेल. स्वतःची वेबसाइट घ्यायला माझी ना नाही, पण मी एक पोरगा बघितलाय ज्याने वेबसाइटच्या अ‍ॅनिमेशनवर चार महिने घालवले आणि आत केस स्टडी अर्धीच होती, डोमेनचं नूतनीकरण करायचं विसरला आणि नेमक्या इंटरव्ह्यूच्या आठवड्यात पान गायब. वेबसाइट घेतलीस तर तेवढं लक्षात ठेव, आणि पानाचा पत्ता नंतर बदलू नकोस, जुन्या रेझ्युमेतल्या लिंका मरतात. एक पीडीएफ पण करून ठेव, काही कंपन्यांच्या अर्जात लिंक नाही, फाइलच मागतात.

हो, आणि प्रोफाइल बदलायच्या आधी नेटवर्कला कळवायचं बटण बंद कर. नाहीतर तुझ्या मॅनेजरला परवानगीच्या मेलच्या आधी लिंक्डइनचा निरोप जाईल.

त्या नऊचं काय करायचं विचारशील. बिहान्सवर सहा रीडिझाइन लपव, डिलीट नको, ड्राफ्टमध्ये टाक. त्यातलं बँकेच्या अ‍ॅपचं एक ठेवता येईल, त्यात तू तुझ्या मावशीला आणि सोसायटीतल्या चौघांना बसवून पाहिलंयस, तिथे निदान कोणीतरी खरं अडखळलंय. मात्र ते एक्स्पिरियन्समध्ये नाही, प्रोजेक्ट्समध्ये टाक, आणि वरच लिही की हे त्या बँकेसाठी केलेलं काम नाही. कोर्समधल्या तीनही काढ. चार वर्षांनंतर कोर्सचं काम दाखवणं म्हणजे लग्नाच्या बायोडेटात चौथीतली शिष्यवृत्ती. मग उरतं काय, तर दूध संघ, बँक, आणि तुझ्या नोट्सच्या शेवटी तू दीड ओळीत उरकलेलं ते पशुखाद्याच्या उधारीचं मॉड्यूल, त्याचं मला अजून ऐकायचंय, शेतकऱ्याला बिलात कापलेली रक्कम समजत नाही असं काहीतरी लिहिलंयस आणि सोडून दिलंस. तीन पुरेत, त्यातलं तिसरं सावकाश झालं तरी चालेल.

तुमचा पायलट होऊन आता वर्ष होत आलंय. त्या केंद्रावरच्या ऑपरेटरचा नंबर तुझ्याकडे असेलच. कंपनीला विचारून एक फोन कर आणि विचार की बीप अजून चालू आहे का, का कंटाळून स्पीकरच काढून टाकला. काय म्हणतो ते केस स्टडीच्या शेवटी टाक, स्पीकर काढला असेल तरी.